टाटा कंपनी खरंच टाटा घराण्याच्या मालकीची आहे का? सोप्या भाषेत प्रश्नोत्तरं

एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड तुम्हीही पाहिला असेल. ‘टाटा आपल्या नफ्यातले ६६ टक्के पैसे दान करतात, म्हणून मीठ घ्या, चहा घ्या, गाडी घ्या, पण टाटाचीच घ्या.’ त्याच्याच खाली कोणीतरी लिहितं, ‘अरे, शेवटी सगळा पैसा टाटा फॅमिलीच्याच घरात जातो ना!’ गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. आणि दोन्ही एकाच कारणामुळे चुकतात: कंपनीच्या पाटीवर जे आडनाव आहे, तोच मालक असणार, असं आपण धरून चालतो.

मला हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात नेहमी विचारला जातो. कोणाला पहिला शेअर घ्यायचा असतो, कोणाला एखाद्या ॲपवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवायचं असतं. म्हणून आज टाटाचं एकच उदाहरण घेऊन मालकीची साखळी पाटीपासून शेवटच्या कडीपर्यंत सोडवून बघूया. शेवटी हीच तपासणी तुम्ही मोबाईलवर स्वतः कशी करायची, तेही सांगतो.

## प्रश्न १: एका ओळीत उत्तर द्या. टाटा कंपनी टाटा घराण्याची आहे का?

नाही. टाटा समूहाच्या मध्यभागी ‘टाटा सन्स’ नावाची कंपनी आहे. तिचे सुमारे ६६ टक्के शेअर्स धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत, म्हणजे सार्वजनिक कामासाठी स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थांकडे. टाटा आडनावाच्या माणसांकडे व्यक्तिगत नावावर जे शेअर्स आहेत, ते सगळे मिळूनही ३ टक्क्यांच्या आत आहेत.

पण ‘मालकी नाही’ म्हणजे ‘काही संबंध नाही’ असंही नाही. नाव, मालकी आणि ताबा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव घराण्याचं आहे. मालकी मुख्यतः ट्रस्टांची आहे. आणि ताबा, म्हणजे निर्णय कोण घेतं, हा तिसराच प्रश्न आहे. तो पुढे येतोच.

## प्रश्न २: ‘टाटा’ ही एक कंपनी आहे की अनेक?

अनेक. ‘टाटा’ नावाची एकच एक कंपनी अस्तित्वातच नाही. टीसीएस वेगळी कंपनी आहे, टाटा स्टील वेगळी, टायटन वेगळी, आणि झुडिओची दुकानं चालवणारी ट्रेंट वेगळी. प्रत्येकीचं स्वतःचं संचालक मंडळ आहे, स्वतःचा हिशेब आहे आणि स्वतःचे शेअरहोल्डर्स आहेत.

या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे टाटा सन्स. मुंबईत फोर्टमधल्या ‘बॉम्बे हाऊस’ या इमारतीत तिचं मुख्यालय आहे. टाटा सन्स ही होल्डिंग कंपनी आहे. म्हणजे तिचं मुख्य काम वस्तू बनवून विकणं नाही, तर दुसऱ्या कंपन्यांचे शेअर्स जवळ ठेवणं. ‘टाटा’ हे नाव वापरण्याचा हक्कही तिच्याकडेच आहे. समूहातल्या कंपन्या ते नाव वापरण्यासाठी तिच्याशी करार करतात आणि त्याचे पैसे मोजतात.

आता मजा बघा. टाटा सन्सकडे प्रत्येक कंपनीत सारखा वाटा नाही. टीसीएसमध्ये तो सुमारे ७२ टक्के आहे, म्हणजे भक्कम बहुमत. टाटा स्टीलमध्ये टाटांकडचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे, बाकी दोन तृतीयांश म्युच्युअल फंड, एलआयसीसारख्या संस्था, परदेशी गुंतवणूकदार आणि तुमच्या-माझ्यासारखे लोक यांच्याकडे आहेत.

टायटनचं उदाहरण तर याहून वेगळं आहे. ही कंपनी १९८४ मध्ये टाटा समूह आणि तामिळनाडू सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे टिडको, यांनी मिळून सुरू केली. आजही टिडकोकडे सुमारे २८ टक्के आणि टाटा समूहाकडे सुमारे २५ टक्के शेअर्स आहेत. म्हणजे ज्या घड्याळाला आपण सरळ ‘टाटाचं घड्याळ’ म्हणतो, त्या कंपनीत टाटांपेक्षा जास्त वाटा एका सरकारी महामंडळाचा आहे!

## प्रश्न ३: मग टाटा सन्सचा मालक कोण?

खरा प्रश्न हाच आहे. टाटा सन्स शेअर बाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे तिचे शेअर्स तुम्ही ॲपवरून विकत घेऊ शकत नाही. तिच्या शेअर्सची विभागणी ढोबळमानाने अशी आहे:

- टाटा ट्रस्ट्स (अनेक ट्रस्ट मिळून): सुमारे ६६ टक्के
- शापूरजी पालनजी समूह, म्हणजे मिस्त्री कुटुंब: सुमारे १८.४ टक्के
- टाटा समूहातल्याच काही कंपन्या: सुमारे १३ टक्के
- उरलेले, यात टाटा कुटुंबातल्या व्यक्ती आल्या: ३ टक्क्यांच्या आत

ही यादी पुन्हा एकदा वाचा. एखाद्या कुटुंबाच्या हातात टाटा सन्सचा सर्वांत मोठा तुकडा शोधायला गेलात, तर ते कुटुंब टाटा नाही, मिस्त्री आहे. रतन टाटा यांचा व्यक्तिगत वाटा तर एक टक्काही नव्हता.

ट्रस्टांमध्ये दोन मोठे आहेत: सर दोराबजी टाटा ट्रस्ट आणि सर रतन टाटा ट्रस्ट. या दोघांकडे मिळूनच टाटा सन्सचे निम्म्याहून जास्त शेअर्स आहेत. इथे एक गोंधळ टाळा. ‘सर रतन टाटा’ म्हणजे आपण ज्यांना ओळखतो ते रतन टाटा नव्हेत. ते जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. १९१८ मध्येच वारले.

## प्रश्न ४: स्वतःच्या घराण्याची कंपनी ट्रस्टकडे गेली कशी?

हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागेल. जमशेटजी टाटांनी १८६८ मध्ये मुंबईत व्यापारी पेढी सुरू केली. १९०४ मध्ये ते वारले. मागे दोन मुलगे होते, दोराबजी आणि रतन. पुढचा बराच विस्तार, जमशेदपूरचा पोलाद कारखाना धरून, या पिढीच्या काळात झाला.

दोघाही भावांना मूलबाळ नव्हतं. सर रतन १९१८ मध्ये गेले आणि त्यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर १९३२ मध्ये दोराबजींनी आपली संपत्ती ट्रस्टच्या नावे केली. त्यात टाटा सन्समधले त्यांचे शेअर्सही होते. त्याच वर्षी तेही वारले.

म्हणजे ‘आम्ही नफ्यातून अमुक टक्के दान करू’ अशी घोषणा कोणी केली नव्हती. त्यांनी कंपनीचे शेअर्सच देऊन टाकले. नफा दान करणं म्हणजे झाडाचे आंबे वाटणं. शेअर्स दान करणं म्हणजे झाडच दुसऱ्याच्या नावावर करणं. त्यानंतरच्या पिढ्यांना ते झाड वारशाने मिळण्याचा प्रश्नच उरला नाही.

आता तुम्ही विचाराल, मग रतन टाटा कोण? सर रतन यांच्या पत्नी नवाजबाई यांनी पतीच्या निधनानंतर नवल या मुलाला दत्तक घेतलं. तो तेव्हा मुंबईतल्या पारशी अनाथाश्रमात वाढत होता. रतन टाटा (जन्म १९३७) आणि नोएल टाटा हे या नवल टाटांचे मुलगे. जे. आर. डी. टाटा हे आणखी वेगळ्या शाखेतले, जमशेटजींच्या नात्यातल्या रतनजी दादाभॉय टाटांचे चिरंजीव. आडनाव एकच असलं, तरी जमशेटजींकडून वडिलोपार्जित मालकी सरळ खाली आली, असं इथे झालेलं नाही.

## प्रश्न ५: ‘६६ टक्के नफा दान’ हे मग खोटं का?

कारण ६६ टक्के हा मालकीचा आकडा आहे, दानाचा नाही. आपण एक हिशेब करून बघू. यातली काही रक्कम मी समजायला सोपी जावी म्हणून मानलेली आहे, ती कुठली हे सोबत सांगतो.

समजा, टीसीएसने एका वर्षी शेअरहोल्डर्सना एकूण १०० रुपये लाभांश, म्हणजे डिव्हिडंड, वाटला. लक्षात घ्या, हा नफा नाही. नफ्यातला काही भाग कंपनी स्वतःकडे ठेवते आणि उरलेला वाटते, तो लाभांश.

पहिली पायरी. टीसीएसचे सुमारे ७२ टक्के शेअर्स टाटा सन्सकडे आहेत. म्हणून १०० पैकी ७२ रुपये टाटा सन्सकडे गेले. उरलेले २८ रुपये बाकीच्या शेअरहोल्डर्सना मिळाले. तुमच्याकडे टीसीएसचा एक शेअर असेल, तर त्या २८ मधला एक कण तुमचाही.

दुसरी पायरी. टाटा सन्स हे ७२ रुपये जसेच्या तसे पुढे ढकलत नाही. तिला कर भरायचा असतो, कर्जं फेडायची असतात, नव्या धंद्यात पैसा घालायचा असतो. एअर इंडिया आणि टाटा न्यू ॲप चालवणारी टाटा डिजिटल यांच्यात ओतलेलं भांडवल याच तिजोरीतून येतं. समजा, हे सगळं करून तिने १० रुपये लाभांश वाटायचं ठरवलं. हा १० चा आकडा मानलेला आहे. दर वर्षी तो बदलतो.

तिसरी पायरी. या १० रुपयांचे वाटे पडतात. ट्रस्टांना ६ रुपये ६० पैसे. शापूरजी पालनजी समूहाला १ रुपया ८४ पैसे. समूहातल्या कंपन्यांना १ रुपया ३० पैसे. आणि टाटा कुटुंबीय धरून उरलेल्या सगळ्यांना मिळून २६ पैसे.

म्हणजे सुरुवातीच्या १०० रुपयांपैकी समाजकार्यासाठी ट्रस्टकडे पोचले ६ रुपये ६० पैसे, ६६ रुपये नव्हे. आणि ‘सगळा पैसा फॅमिलीच्या घरात जातो’ म्हणणाऱ्यालाही उत्तर मिळालं: त्या घरासाठी उरले जास्तीत जास्त २६ पैसे.

मिठाच्या पुड्याचा हिशेब तर याहून लांबचा आहे. तुम्ही दिलेल्या पैशातून आधी दुकानदार, वाहतूक, पॅकिंग, पगार, कर हे सगळं वजा होतं. मग उरतो नफा. नफ्यातला काही भाग लाभांश. लाभांशाचा एक भाग टाटा सन्सकडे. आणि तिथून वर सांगितलेली गाळणी पुन्हा सुरू. ट्रस्ट रुग्णालयं, शिक्षण, पाणी, संशोधन यांवर मोठा खर्च करतात, हे खरंच आहे. पण तुमच्या पुड्यातले ६६ टक्के तिकडे जात नाहीत.

## प्रश्न ६: मालकी ट्रस्टची, मग निर्णय कोण घेतं?

ट्रस्ट म्हणजे कोणी व्यक्ती नव्हे. त्याच्या वतीने विश्वस्त, म्हणजे ट्रस्टी, निर्णय घेतात. विश्वस्ताला ट्रस्टचे शेअर्स विकून पैसे खिशात घालता येत नाहीत, आणि ते शेअर्स त्याच्या मुलांना वारसाहक्काने मिळत नाहीत. पण त्या शेअर्सच्या जोरावर टाटा सन्समध्ये कोण बसावं, हे ठरवण्यात त्याचं वजन असतं. आपल्या हाऊसिंग सोसायटीचे सेक्रेटरी आठवा. बिल्डिंग त्यांची नसते, पण सही त्यांची चालते. तसंच काहीसं.

टाटा सन्सच्या नियमावलीत ट्रस्टांना खास अधिकार आहेत. संचालक मंडळातले एक तृतीयांश संचालक ते नेमू शकतात, आणि काही महत्त्वाचे निर्णय या संचालकांच्या संमतीशिवाय पुढे जात नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रतन टाटांचं निधन झालं आणि टाटा ट्रस्ट्सच्या अध्यक्षपदी नोएल टाटा आले. म्हणजे घराण्याचा प्रभाव आहे, पण तो विश्वस्ताच्या खुर्चीतून येतो. टाटा सन्सचे अध्यक्ष मात्र २०१७ पासून एन. चंद्रशेखरन आहेत. ते टीसीएसमधून वर आलेले व्यावसायिक, टाटा घराण्यातले नव्हेत.

मालकी आणि ताबा वेगळे असतात म्हणजे काय, हे २०१६ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. सायरस मिस्त्री तेव्हा टाटा सन्सचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या कुटुंबाकडे १८.४ टक्के शेअर्स होते. तरीही २४ ऑक्टोबर २०१६ रोजी संचालक मंडळाने त्यांना पदावरून काढलं. प्रकरण कंपनी न्यायाधिकरणातून वर गेलं. अपील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये मिस्त्रींच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा सन्सच्या बाजूने कौल दिला. हजारो कोटींचा वाटा हातात असूनही ताबा मिळाला नाही, कारण बहुमताची किल्ली ट्रस्टांकडे होती.

## प्रश्न ७: नावात ‘टाटा’ आहे, पण मालक दुसराच, असंही असतं का?

असतं. आणि हे आपल्याला थेट भिडणारं आहे.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी महाराष्ट्राच्या गावागावांतून लोक तिथे येतात. अनेकांना वाटतं, ते टाटा कंपनी चालवते. ते सुरू केलं सर दोराबजी टाटा ट्रस्टने, १९४१ मध्ये. पण १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे गेलं आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. म्हणजे नाव टाटांचं, पण आज ती सरकारी संस्था आहे. तिथे काही तक्रार असेल, तर टाटा समूहाला टॅग करून उपयोग नाही.

दुसरं उदाहरण सिमकार्डचं. २००९ मध्ये ‘टाटा डोकोमो’ आलं आणि सेकंदाला एक पैसा या दराने गाजलं. नावातलं ‘डोकोमो’ हे जपानी कंपनी एनटीटी डोकोमोचं. तिने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये सुमारे एक चतुर्थांश हिस्सा घेतला होता. धंदा तोट्यात गेला, डोकोमोने २०१४ मध्ये बाहेर पडायचं ठरवलं, आणि करारात ठरलेली किंमत द्यायची कशी यावरून वाद लवादापर्यंत गेला. लवादाने २०१६ मध्ये डोकोमोला सुमारे ११७ कोटी डॉलर देण्याचा निर्णय दिला. पुढे मोबाईल सेवेचा धंदा एअरटेलकडे गेला आणि २०१९ मध्ये हे विलीनीकरण पूर्ण झालं. ज्यांनी ‘टाटा’ नावावर विश्वास ठेवून सिम घेतलं, ते ग्राहक नंबर न बदलता एअरटेलचे झाले.

यातून काय कळतं? आडनाव हे कंपनी टिकेल याची हमी नसतं. नाव भक्कम असलं, तरी धंदा बुडू शकतो, विकला जाऊ शकतो.

आणि उलटही होतं. लॅक्मे हा सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड टाटांनीच १९५२ मध्ये सुरू केला होता. १९९० च्या दशकात तो हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. आज तो टाटांचा नाही. त्या विक्रीनंतर उभी राहिलेली कंपनी म्हणजेच ट्रेंट, वेस्टसाइड आणि झुडिओवाली. झुडिओच्या पाटीवर ‘टाटा’ लिहिलेलं नसतं, पण ती टाटा समूहातली आहे.

## प्रश्न ८: हे मी माझ्या मोबाईलवर कसं तपासू?

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर पाच मिनिटांचं काम आहे, आणि फुकट.

1. ब्राउझरमध्ये `bseindia.com` उघडा. पत्ता स्वतः टाईप करा, फॉरवर्डमधली लिंक नको.
2. सर्चमध्ये कंपनीचं नाव टाका. उदाहरणार्थ `TCS`.
3. कंपनीच्या पानावर `Shareholding Pattern` शोधा आणि सर्वांत अलीकडची तिमाही निवडा.
4. `Promoter & Promoter Group` ही ओळ बघा. समोर टक्केवारी दिसेल. त्याखालची `Public` म्हणजे बाकी सगळे.
5. आता प्रमोटरच्या ओळीवर टॅप करून नावं वाचा. पायरी महत्त्वाची हीच. तिथे माणसांची नावं आहेत की कंपनीची, ते बघा. टीसीएसच्या बाबतीत `Tata Sons Private Limited` दिसेल.

बहुतेक जण चौथ्या पायरीवर थांबतात आणि ‘प्रमोटर ७२ टक्के, म्हणजे फॅमिली ७२ टक्के’ असा निष्कर्ष काढतात. चूक तिथेच होते. प्रमोटर म्हणून कंपनीचं नाव आलं, तर प्रश्न संपला नाही, एक पायरी वर सरकला. त्या कंपनीचा मालक कोण?

ती वरची कंपनी खासगी असेल, तर बीएसईवर तिचं पान मिळणार नाही. मग तिचा वार्षिक अहवाल बघायचा, किंवा केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` या साइटवर जायचं. संचालकांची नावं तिथे फुकट दिसतात. भागधारकांची माहिती असलेलं वार्षिक विवरणपत्र बघायला मात्र शुल्क भरावं लागतं. त्या फॉर्मचं नाव `MGT-7`.

ॲपच्या बाबतीत सोपी युक्ती आहे. ॲपमधलं `Terms & Conditions` उघडा आणि पहिला परिच्छेद वाचा. तुमचा करार ज्या कंपनीशी होतोय, तिचं पूर्ण कायदेशीर नाव तिथे असतं. पैसे अडकले तर ग्राहक आयोगात तक्रार त्या नावाने करावी लागते, लोगोच्या नावाने नाही.

## प्रश्न ९: नावाचा वापर करून फसवतात, ते कसं ओळखायचं?

रतन टाटांच्या हयातीतच, डिसेंबर २०२३ मध्ये, त्यांच्या तोंडी गुंतवणुकीचा सल्ला घातलेला एक व्हिडिओ फिरत होता. तो खोटा असल्याचं त्यांनी स्वतः इन्स्टाग्रामवर सांगितलं. अशा सगळ्या जाहिरातींचा आधार एकच असतो: आपण आडनाव बघतो आणि विश्वास ठेवतो.

आता तुम्हाला मालकीची साखळी माहीत आहे, तर तीच वापरा. कोणी म्हणालं, ‘टाटा फॅमिलीच्या कंपनीत थेट पैसे गुंतवा’, तर पहिला प्रश्न विचारा: कुठल्या कंपनीत? पूर्ण नाव काय? नोंदलेली असेल, तर तिचा शेअर तुमच्या नेहमीच्या डिमॅट खात्यातून मिळतो, त्यासाठी टेलिग्राम ग्रुप लागत नाही. आणि कोणी ‘टाटा सन्सचे शेअर्स स्वस्तात’ देऊ करत असेल, तर ती खासगी कंपनी आहे आणि तिचे शेअर्स असे मोबाईलवर विकले जात नाहीत, एवढं एक वाक्य पुरेसं आहे. तिथूनच चॅट बंद करा.

## थोडक्यात

तो फॉरवर्ड पुन्हा आला, तर उत्तर म्हणून एवढं पाठवा:

‘टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर्स धर्मादाय ट्रस्टांचे आहेत, घराण्याचे नाहीत. पण हा मालकीचा वाटा आहे. नफ्यातले ६६ टक्के दान होतात असा त्याचा अर्थ नाही. टाटा सन्स जेवढा लाभांश वाटते, त्यातले ६६ टक्के ट्रस्टांना मिळतात. आणि टाटा नाव असलेली प्रत्येक कंपनी वेगळी आहे, तेव्हा पैसे गुंतवण्याआधी तिचं शेअरहोल्डिंग बघ.’